खडूपासून पँथियनपर्यंत: रोमनांनी मधले खांब काढून एवढे मोठे हॉल कसे उभे केले

आर्ट हिस्टरीच्या वर्गात रोममधल्या पँथियन या प्राचीन घुमटाच्या मंदिराची स्लाइड आली की सगळ्यांची नजर वरच्या गोल भोकाकडे जाते, तिथून आत पडणारा उन्हाचा झोत बघून वर्ग शांत होतो, आणि मग वहीत लिहिलं जातं की रोमनांनी कमान, व्हॉल्ट आणि घुमट वापरून भव्य अंतर्गत जागा निर्माण केल्या. हे वाक्य मीही दोन वर्षं लिहिलं, मार्कही मिळाले, पण कमान वापरली की जागा मोठी का होते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कळलं ते पीओपीच्या नऊ तुकड्यांची कमान टेबलावर उभी केली तेव्हा. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितोय, हाताने करून बघायच्या गोष्टी आधी आणि इमारती नंतर. सगळ्यात एकच प्रश्न धरून ठेवायचा: वरचं वजन खाली येताना बाजूला कुठे रेटतं आणि त्या रेट्याला अडवतं कोण? एवढं एक शोधायची सवय लागली की रोमन इमारतीचा कुठलाही प्लॅन वाचता येतो.

आधी एक खडू मोडा

फळ्यावर लिहायचा पांढरा खडू घ्या, दोन पुस्तकांवर आडवा ठेवा आणि मध्ये बोटाने दाबा. लगेच मोडतो. आता तसाच दुसरा खडू उभा धरून वरून सरळ दाबा, बराच जोर लावला तरी टिकतो. दगडाचं अगदी हेच आहे. दगडाला दाब सहन होतो, ताण सहन होत नाही. आडव्या तुळईवर वजन आलं की ती किंचित वाकते, वरची बाजू आकसते आणि खालची ताणली जाते, आणि दगड फुटतो तो नेहमी खालून, ताणाच्या बाजूने.

म्हणून दगडी तुळई लांब करता येत नाही. शिवाय लांबी वाढवली की तिचं स्वतःचंच वजन वाढतं, जाडी वाढवावी तर वजन अजून वाढतं. अथेन्समधल्या पार्थेनॉन या ग्रीक मंदिराचे बाहेरचे खांब बघा, दोन खांबांच्या मधली मोकळी जागा साधारण 2.4 मीटर आहे, आणि हे त्या काळातलं सगळ्यात उत्तम संगमरवरी काम. इजिप्तमध्ये कर्नाकच्या मोठ्या सभामंडपात 134 खांब आहेत, म्हणजे हॉल प्रचंड आहे खरा पण आत उभं राहिलं की जंगलात उभं राहिल्यासारखं वाटतं, कुठेही बघा समोर खांबच. जागा होती, पण एकसंध दिसणारी जागा नव्हती. लाकडी छत टाकून थोडं पुढे जाता यायचं, पण लाकूड जळतं, कुजतं आणि हव्या तेवढ्या लांबीचे ओंडके मिळवणंही अवघड.

कमान टेबलावर उभी करा

कमान रोमनांनी शोधली नाही, त्यांच्या आधी मेसोपोटेमियात ती होती, इटलीत एट्रुस्कन लोक वापरत होते. रोमनांनी ती जितक्या मोठ्या प्रमाणात आणि जितक्या हिशोबाने वापरली ते मात्र नवीन होतं. पण आधी आपली कमान.

माउंटबोर्डवर एका केंद्रातून दोन अर्धवर्तुळं काढा, आतलं 10 सेमी त्रिज्येचं आणि बाहेरचं 13 सेमी त्रिज्येचं. 180 अंशांचे 20-20 अंशांचे नऊ भाग करा. संख्या मुद्दाम विषम घेतली आहे, म्हणजे बरोबर माथ्यावर एक तुकडा येतो. प्रत्येक तुकडा खाली साधारण 3.5 सेमी, वर 4.5 सेमी आणि 3 सेमी उंच असा येईल, म्हणजे सरळसरळ पाचर. याच मापाचा पुठ्ठ्याचा साचा करून 5 सेमी जाडीचे नऊ तुकडे पीओपीत ओता, सुकल्यावर कडा सँडपेपरने सपाट करा. इथे घाई करू नका, कारण दोन तुकडे एकमेकांना पूर्ण पृष्ठभागाने टेकले नाहीत तर सगळा दाब एका कोपऱ्यावर येतो आणि तो कोपरा उडतो.

आता सेंटरिंग. आपल्याकडे स्लॅब टाकताना खाली फळ्या आणि टेकू लावतात तेच. थर्मोकोलचा 10 सेमी त्रिज्येचा अर्धगोल कापा, आणि तो थेट टेबलावर न ठेवता खाली पुठ्ठ्याच्या दोन-तीन पट्ट्या सारा, तुकडेही तेवढ्याच उंचीच्या पट्ट्यांवरून सुरू करा. दोन्ही बाजूंनी एक एक तुकडा चढवत वर या, एकीकडे चार आणि दुसरीकडे एक असं केलंत तर सेंटरिंगच कलतं. शेवटी माथ्याचा तुकडा, तोच कीस्टोन. मग अर्धगोलाखालच्या पट्ट्या हळूच ओढून घ्या म्हणजे सेंटरिंग दोन-तीन मिलिमीटर खाली येईल, आणि कमान किंचित बसून, तुकडे एकमेकांत घट्ट होऊन, आपली आपण उभी राहील.

इथे काय झालं ते नीट बघा. प्रत्येक पाचर खाली पडायला बघते, पण खाली ती अरुंद आहे आणि शेजारच्या दोघांनी धरलेली आहे, त्यामुळे तिला खाली निसटता येत नाही आणि ती आपलं वजन शेजाऱ्यावर ढकलते. म्हणजे वाकण्याचं काम दाबाच्या कामात बदललं, आणि दाब तर दगडाला चालतो. अंतर आता एका दगडाच्या लांबीवर अवलंबून राहिलं नाही, छोट्या छोट्या तुकड्यांतून मोठं अंतर पार करता येतं. फ्रान्समधल्या पाँ द्यु गार या रोमन जलवाहिनीच्या पुलावर सगळ्यात मोठी कमान साधारण 24.5 मीटरची आहे आणि तिथले मोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर बसवलेत. फोटो झूम करून बघा, खांबांमधून आणि कमानीच्या खालून काही दगड बाहेर डोकावताना दिसतील, ते काही कोरायचे राहिलेले नाहीत, बांधताना मचाण आणि सेंटरिंग टेकवायला सोडलेले आहेत.

कीस्टोनबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाका. सगळं वजन कीस्टोन घेतो असं कित्येक नोट्समध्ये लिहिलेलं असतं. तसं नाही. तो शेवटी बसतो म्हणून त्याच्याआधी कमान उभी राहत नाही, पण त्याच न्यायाने कुठलाही तुकडा काढला तरी ती पडेल. उलट सगळ्यात जास्त दाब असतो तो तळाच्या तुकड्यांवर, माथ्यावर सगळ्यात कमी.

मग रेटा जातो कुठे

आता तीच कमान उंचावर न्या. थर्मोकोलचे 20 सेमी उंच आणि फक्त 4 सेमी रुंद असे दोन ठोकळे घ्या, त्यावर सेंटरिंगसकट कमान चढवा आणि सेंटरिंग काढा. ठोकळे बाहेरच्या बाजूला कलतात आणि सगळं कोसळतं. ठोकळ्यांच्या जागी विटा उभ्या करून बघा, कमान राहते. फरक ताकदीचा नाही, वजनाचा आणि जाडीचा आहे. कमान खालच्या आधाराला नुसती खाली दाबत नाही, बाहेरही ढकलते. कमानीने तुळईचा प्रश्न सोडवला आणि त्याबदल्यात आपल्याला हा बाजूचा रेटा दिला, आणि इथून पुढचं सगळं रोमन बांधकाम म्हणजे या रेट्याची सोय लावणं आहे.

एक वीट हळूहळू, एक-एक मिलिमीटर बाहेर सरकवा आणि कमानीच्या फटींकडे बघा. माथ्याला फट खालच्या बाजूने उघडते, दोन्ही खांद्यांजवळ मात्र बाहेरच्या बाजूने. जुन्या इमारतीत कमानीच्या माथ्याला खालून चीर दिसली तर आधार बाहेर सरकलाय हा पहिला संशय घ्यायचा. आता खांद्यांवर दोन्हीकडे वाळूच्या छोट्या पुरचुंड्या ठेवून तोच प्रयोग करा, कमान जास्त वेळ तग धरते, कारण खांद्यांना बाहेर फुगायला हे वजन देत नाही. रोमन गवंडी कमानीच्या खांद्यांवर भर टाकून घ्यायचे ते यासाठीच, आणि हे लक्षात ठेवा, पँथियनला पुन्हा लागणार आहे.

कमानींची रांग केली तर आणखी एक सोय होते. शेजारच्या दोन कमानी एकमेकींना रेटतात आणि मधल्या खांबावर दोन्ही रेटे एकमेकांना मारतात, त्यामुळे मधले खांब बारीक चालतात, जाड आधार लागतो फक्त दोन टोकांना. रोमच्या कलोसियम या गोल प्रेक्षागृहात तर बाहेरची रिंग मुळात बंद होती, खालच्या तीन मजल्यांवर प्रत्येकी 80 कमानी आणि रांगेला टोकच नव्हतं. पण 1349 च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची रिंग पडली आणि टोकं उघडी पडली. पूर्वेकडच्या टोकाला 1807 च्या सुमारास वास्तुकार राफाएले स्टेर्नने विटांचा उतरता आधार बांधला आणि शेवटच्या कमानी विटांनी बुजवून टाकल्या, त्या होत्या त्या अवस्थेत. तिथला फोटो नक्की शोधा. दगड निसटायला लागलेत, कीस्टोन खाली घसरलाय आणि त्याच क्षणी ते सगळं विटांनी धरून ठेवलंय. कमान कशी मरते हे याहून स्पष्ट मला कुठे दिसलं नाही, आमच्या वर्गात मी हा एक फोटो प्रिंट काढून लावला होता.

कमान ओढत नेली की बॅरल व्हॉल्ट

एक कमान, तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी, असं चिकटून लावत गेलं की अर्ध्या पिंपासारखं छत तयार होतं, तो बॅरल व्हॉल्ट. बांधायला सोपा, सेंटरिंगचा एकच तुकडा पुढे पुढे सरकवत नेता येतो. पण अडचण अशी की रेटा आता भिंतीच्या पूर्ण लांबीवर येतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना सलग जाड भिंत पाहिजे आणि तिला मोठ्या खिडक्या पाडायची सोय नाही. उजेड काय तो दोन टोकांनी. कलोसियमच्या आतले जिने आणि गोल फिरणारे बोळ अशा व्हॉल्टचे आहेत, तिथे चाललं, पण हजारो माणसं बसतील असा उजेडाचा हॉल यातून होत नाही.

इथेच काँक्रीटबद्दल बोलू, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही झालं नसतं. रोमन काँक्रीट म्हणजे चुना, ज्वालामुखीची राख किंवा तशी खाणीतली वाळू म्हणजे पोझोलाना, पाणी आणि मुठीएवढे दगड-विटांचे तुकडे. रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने खाणीतल्या वाळूचे 3 भाग आणि चुन्याचा 1 भाग असं प्रमाण दिलंय. साधा चुना हवेने हळूहळू घट्ट होतो, जाड भिंतीच्या पोटात तो कित्येक वर्षं मऊ राहू शकतो, पण पोझोलाना मिसळला की चुना आणि पाण्याची त्याच्याशीच रासायनिक क्रिया होते आणि पोटातलं मिश्रणही घट्ट होतं, अगदी पाण्याखालीसुद्धा. आणि हे आजच्यासारखं पातळ करून ओतत नव्हते, दगडांचा थर हाताने लावायचा, वर मसाला, पुन्हा दगड, असं. बाहेरून विटांचं अस्तर असायचं, तेच साच्याचं काम करायचं. यामुळे प्रत्येक पाचर घडवणाऱ्या कुशल पाथरवटांची गरज खूप कमी झाली, आणि मुख्य म्हणजे सेंटरिंग जो आकार घेईल तो आकार छताला देता आला.

मात्र काँक्रीटचं छत म्हणजे भांड्यावर ठेवलेलं एकसंध झाकण आणि त्याला रेटाच नसतो, असं जे अजूनही काही ठिकाणी वाचायला मिळतं ते बरोबर नाही. आत लोखंडी सळई नाही, ताणाच्या बाबतीत ते दगडासारखंच कच्चं. भेग पडली की ते कमानीसारखंच वागतं.

दोन बॅरल एकमेकांतून आरपार

आता एक चौरस काढा, त्याच्यावर एक बॅरल उत्तर-दक्षिण आणि तेवढाच दुसरा पूर्व-पश्चिम असे आरपार घातलेत अशी कल्पना करा. जिथे दोघांचे पृष्ठभाग भेटतात तिथे दोन कर्णांवर कडा तयार होतात, चौरसात फुलीसारख्या. हा ग्रॉइन व्हॉल्ट. कागदाच्या दोन अर्ध्या नळ्या कापून जुळवल्यात तर पाच मिनिटांत समजतं, आणि एकदा केलं की प्लॅनमध्ये चौकोनातली तुटक रेघांची फुली दिसली की लगेच ओळखू येतं.

यात मोठी गोष्ट ही की वजन कडांवरून उतरत चार कोपऱ्यांत जातं, बाजूच्या चार भिंतींवर काही राहत नाही. त्या काढून टाकता येतात, तिथे अर्धगोल खिडक्या ठेवता येतात. म्हणजे जागा बाजूने उघडली आणि उजेड उंचावरून आत आला.

रोमच्या फोरममधली मॅक्सेंशियस या सम्राटाची बॅसिलिका, म्हणजे मोठं सार्वजनिक सभागृह, यासाठी घ्या. इ.स. 308 च्या सुमारास मॅक्सेंशियसने सुरू केली, 312 मध्ये तो कॉन्स्टंटाईनकडून हरल्यावर कॉन्स्टंटाईनने पूर्ण केली. मधला हॉल साधारण 80 बाय 25 मीटर, त्यावर तीन ग्रॉइन व्हॉल्ट, म्हणजे एकेक खण जवळजवळ चौरस, आणि उंची 35 मीटरच्या आसपास. 80 मीटर लांब हॉलमध्ये मध्ये एकही खांब नाही. आता आपला प्रश्न विचारा, रेटा कुठे गेला? हॉलच्या लांबीच्या दिशेने शेजारचे खण एकमेकांना रेटतात, तो हिशोब तिथेच मिटतो. आडव्या दिशेचा रेटा मात्र बाहेर येतो, आणि तो येतो फक्त कोपऱ्यांच्या जागी. बरोबर त्याच जागी हॉलच्या दोन्ही बाजूंना काटकोनात जाड आडव्या भिंती उभ्या आहेत, रेटा त्यांच्या लांबीतून जमिनीत उतरतो. आणि या आडव्या भिंतींच्या मधली जागा त्यांनी वाया घालवली नाही, तिच्यावर बॅरल व्हॉल्ट टाकले आणि भिंतींत कमानी ठेवून ये-जा करता येईल असं केलं, त्यामुळे आधाराच्या भिंतीच आतली जागा बनल्या. मला रोमन बांधकामातली सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

मधले ग्रॉइन व्हॉल्ट पडून गेलेत, उत्तरेकडचे तीन बॅरल आजही उभे आहेत, प्रत्येक साधारण 20 मीटर रुंद. त्यांच्या पुढच्या भिंतीवर उंच, मधल्या व्हॉल्टचे मुळाकडचे तुकडे अजून हवेत पुढे आलेले दिसतात. त्या तुकड्यांखाली एकेकाळी मोठे संगमरवरी खांब होते, त्यातला उरलेला एक 1614 मध्ये सांता मारिया माज्योरे चर्चसमोर नेऊन उभा केला. खांब गेले आणि तुकडे तरी वरच आहेत. यावरून कळतं की खांब डोळ्याला वजन पेलताना दिसत होते, पण खरं वजन मागच्या जाड भिंतीच घेत होत्या. स्केच करताना हा फरक लक्षात ठेवा.

कमान स्वतःभोवती फिरवली की घुमट

अर्धी मोसंबी पिळून आतलं काढून टाका, साल टेबलावर पालथी ठेवा आणि वरून हलकेच दाबा. काठ बाहेर पसरतो आणि साल काठापासून वर अशा उभ्या रेघांनी फाटते. घुमटात हेच होतं. वरच्या भागातल्या आडव्या रिंगा आकसायला बघतात, तिथे दाब आहे, दगड-काँक्रीट खूश. खालच्या भागातल्या रिंगा पसरायला बघतात, तिथे ताण आहे. खाली पसरू न देणं हाच घुमट बांधण्याचा सगळा प्रश्न.

पँथियनच्या आधी रोमनांनी यावर बराच हात बसवला होता. नेपल्सजवळ बायाए इथे साधारण 21.5 मीटरचा काँक्रीटचा घुमट आहे, त्याला मर्क्युरीचं मंदिर म्हणतात पण ते स्नानगृहातलं दालन आहे. नीरोच्या राजवाड्यात अष्टकोनी दालनावर वर भोक असलेला घुमट आहे. मग इ.स. 110 मध्ये आधीचं पँथियन जळल्यावर सम्राट ट्राजानच्या शेवटच्या वर्षांत नवं काम सुरू झालं आणि 125 च्या आसपास, हेड्रियनच्या काळात, ते पूर्ण झालं. दर्शनी भागावर नाव मात्र अग्रिपाचं, पहिलं मंदिर बांधणाऱ्याचं, म्हणून लोक बराच काळ फसले. विटांवरच्या शिक्क्यांवरून काळ पक्का झाला.

आतला व्यास 43.3 मीटर, आणि जमिनीपासून वरच्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे आत पूर्ण गोल बसतो. सळईशिवाय बांधलेल्या काँक्रीटच्या घुमटांमध्ये जगात आजही हा सगळ्यात मोठा. हे जमलं कसं, ते खालून वर बघू.

खाली 6 मीटर जाडीची गोल भिंत. पण ती भरीव नाही, आतून बघितलं तर दार आणि सात मोठे कोनाडे तिला पोखरतात, म्हणजे खरं तर आठ जाड पायांवर घुमट उभा आहे. कोनाड्यांच्या वर भिंतीच्या जाडीतच विटांच्या मोठ्या कमानी आहेत, वरून आलेलं वजन त्या दोन्ही बाजूंच्या पायांकडे वळवतात. आता बाहेरचं संगमरवर आणि गिलावा गेल्यामुळे या कमानी बाहेरून उघड्या दिसतात. पर्यटक समोरच्या ग्रॅनाइटच्या खांबांचे फोटो काढतात, तुम्ही बाजूच्या गल्लीत जाऊन ही विटांची भिंत काढा.

मग मसाला बदलत जातो. पायात ट्रॅव्हर्टीन हा जड दगड, भिंतीत ट्रॅव्हर्टीन आणि टफ या ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडाचे थर, वर टफ आणि विटा, घुमटाच्या खालच्या भागात मुख्यतः विटांचे तुकडे, आणि अगदी वर हलका टफ आणि प्युमिससारखा सच्छिद्र ज्वालामुखीचा दगड. म्हणजे एकाच इमारतीत खाली जड काँक्रीट आणि वर हलकं काँक्रीट, मुद्दाम. जाडीही तशीच, तळाला घुमट साधारण 6 मीटर जाड, भोकापाशी 1.2 मीटर. रेटा वजनातून येतो, म्हणून माथा जितका हलका तितकं खालचं काम सोपं. कॉफर म्हणजे आतले चौकोनी खळगे, 28 च्या पाच ओळी, एकूण 140, यांनीही थोडं वजन वाचतं, पण नोट्समध्ये घुमट हलका होण्याचं मुख्य कारण म्हणून त्यांचं नाव लिहितात ते मला पटत नाही, मोठी बचत जाडी आणि दगडाच्या निवडीत आहे. कॉफरचं मोठं काम डोळ्यासाठी आहे, वर जाताना लहान होणाऱ्या ओळी घुमटाची वक्रता दाखवतात.

बाहेरून घुमट बशीसारखा चपटा दिसतो आणि आतून पूर्ण अर्धगोल, याचं कारण तुमच्या पीओपीच्या कमानीत आहे. घुमट जिथून सुरू होतो तिथे बाहेरची भिंत थांबत नाही, ती आणखी साधारण 8 मीटर वर जाते, आणि तिच्या वर घुमटावर सात पायऱ्यांसारख्या रिंगा आहेत. खांद्यांवर ठेवलेल्या त्या वाळूच्या पुरचुंड्या म्हणजे हेच, जिथे घुमट बाहेर फुगायला बघतो तिथे वजन.

आणि ते भोक, ऑक्युलस, व्यासाने 8 ते 9 मीटर. कीस्टोनच्या जागी भोक आहे तर घुमट पडत का नाही, हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतं. भोकाच्या काठाला विटांची रिंग आहे. घुमटाचा प्रत्येक भाग मध्याकडे कलतो आणि रिंगेला आत ढकलतो, सगळीकडून सारखाच, त्यामुळे ती रिंग आडवी झोपलेली बंद कमान होते, पूर्ण दाबात. आतला माथा हवाच कशाला, तो काढल्याने तिथलं वजन गेलं आणि वर उजेडही आला. पाऊस आत येतो, पण फरशी मध्ये किंचित फुगीर आहे आणि पाणी जायला तिला छोटी भोकं आहेत.

एवढं करूनही ताण गेला नाही. घुमटाच्या खालच्या भागातून वर जाणाऱ्या उभ्या भेगा आहेत, मोसंबीच्या सालीसारख्याच, 1930 च्या दशकातल्या दुरुस्तीच्या वेळी त्यांची नोंद झाली. म्हणजे घुमट आज गोल मांडलेल्या कमानींच्या समूहासारखा काम करतोय, प्रत्येक फाकेचा रेटा खालच्या जाड भिंतीत उतरतो आणि ती भिंत त्याला पुरते. भेगा पडल्या तरी 1900 वर्षं तो उभा आहे तो या जाडीमुळे.

सेक्शन काढून बघा

आता पँथियनचा सेक्शन, म्हणजे इमारत मधोमध उभी कापली तर दिसेल ते चित्र. ए3 कागद आडवा घ्या, स्केल 1:200. 10.8 सेमी त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ हलक्या पेन्सिलने काढा. त्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूला जमिनीची रेघ, मध्यातून आडवी रेघ, या आडव्या रेघेवर घुमट सुरू होतो. वर्तुळाचा वरचा अर्धा भाग ठेवा, खालच्या अर्ध्याच्या जागी दोन्ही बाजूंना सरळ उभ्या रेघा खाली आणा. भिंतीची जाडी बाहेर 3 सेमी, आणि तिची बाहेरची रेघ मधल्या रेघेच्या वर साधारण 4 सेमी न्या. माथ्याला साधारण 4.3 सेमीचं भोक, तिथे घुमटाची जाडी फक्त 6 मिलिमीटर. मग भिंतीच्या माथ्यापासून पायऱ्या काढत भोकाकडे या. बहुतेक जण पहिल्यांदा माथा खूप जाड काढतात, कारण डोळ्याला एवढा पातळ माथा पटत नाही, मोजून काढा.

आता लाल पेन्सिल घ्या. भोकाच्या काठाच्या जाडीत सुरुवात करून रेट्याची रेघ खाली आणा, सुरुवातीला जवळजवळ आडवी, मग प्रत्येक टप्प्यावर वरून वजन मिळत गेलं की ती जास्त जास्त उभी होते, पायरीच्या रिंगांखाली ती स्पष्टपणे खाली वळते, आणि जमिनीला पोचेपर्यंत ती भिंतीच्या आतच राहिली पाहिजे. कुठे ती बाहेर आली तर तुमची भिंत बारीक काढली गेलीय किंवा माथा जाड, माप परत तपासा. झाल्यावर त्याच कागदाच्या कोपऱ्यात तीच भिंत 1 सेमी जाडीची काढून लाल रेघ कुठे बाहेर पडते तेही दाखवा.